लेहमधील पहिली रात्र

मुंबईहून मध्यरात्री निघालेला प्रवासी दिल्लीला विमान बदलतो, तेथून पहाटेच्या विमानाने सुमारे सव्वा तासात हिमालयाच्या एकामागून एक येणाऱ्या हिमाच्छादित रांगा ओलांडतो, आणि घरी असता तर ज्या वेळी त्याने सकाळचा दुसरा चहा घेतला असता त्या वेळी सिंधूच्या खोऱ्यातील लेहच्या धावपट्टीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 10,700 फुटांवर, उभा असतो. प्रत्यक्ष शहर त्याहूनही थोडे वर, सुमारे 11,500 फुटांवर वसलेले आहे. पूर्वी याच लेहला श्रीनगरहून काफिले येत, तेव्हा सोनमर्ग, झोजिला, द्रास, कारगिल आणि फोटूला अशी मजल दरमजल करीत त्यांना सुमारे पंधरवडा लागे. त्या पंधरवड्यात प्रवाशाचे पाय थकत, तट्टे थकत, शिधा सरत येई. परंतु त्याच अवधीत त्याच्या श्वासाने, रक्ताने आणि मूत्रपिंडांनी आपापल्या कामाची जी फेरमांडणी करून घेतलेली असे, तिची त्याला जाणीवही नसे. विमानाने आपला पंधरवडा वाचवला हे खरे. पण ती फेरमांडणी वाचवलेली नाही, ती केवळ लेहला पोचल्यानंतरच्या दिवसांवर ढकललेली आहे.

लेहचे पहिले दर्शन मन हरपून टाकणारे आहे यात शंका नाही. आकाश इतके गडद निळे असते की डोळ्यांना ते क्षणभर कृत्रिम वाटावे. उघड्या, तांबूस-करड्या डोंगरांवर एकही झाड नाही, आणि खाली सिंधूच्या काठाने मात्र पॉपलर आणि विलोची हिरवीगार पट्टी पसरलेली. त्यात थंड, कोरड्या हवेने रात्रभराच्या जागरणाचा शीण कोठल्या कोठे पळतो आणि मनाला एक प्रकारची हुशारी येते. नवख्याची फसगत होते ती याच हुशारीने. विमानातून उतरल्यावर ज्याला काहीच होत नाही तो मनाशी समजतो की आपल्याला ही हवा मानवली. वस्तुतः त्या वेळी रोगाची मुदतच सुरू झालेली असते, ती भरलेली नसते.

आमच्या बरोबर एक निवृत्त मामलेदार होते आणि त्यांचा पंचविशीतला पुतण्या होता. काकांना वयोमानाने गुडघ्यांची तक्रार, थोडा रक्तदाब. पुतण्या सह्याद्रीतील गडकोट पालथे घातलेला, कळसूबाई धावत चढून जाणारा, शरीराने काटक. वाटाड्याने विमानतळावरच सर्वांना बजावले होते की आजचा दिवस खोलीत पडून राहावयाचे, जिनासुद्धा सावकाश चढावयाचा. काकांनी तो हुकूम शिरसावंद्य मानला आणि जेवून पांघरुणात शिरले. पुतण्याला मात्र दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतून समोरच्या टेकडीवरचा जुना राजवाडा दिसू लागला, आणि ज्याने राजगड-तोरणा एका दमात केला त्याला एवढ्याशा टेकडीने थोपवावे हे त्याला पटेना. तो वर जाऊन आला. धाप लागली, परंतु ती त्याने कौतुकाने सांगितली. संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्याने ताट अर्धे टाकले आणि कपाळ चोळीत लवकर निजावयास गेला.

रात्री काय झाले ते काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. दहाच्या सुमारास पोराचे डोके दुखू लागले; प्रथम कपाळावर दडपण, मग दोन्ही कानशिलांत ठोके पडल्यासारखी वेदना, वाकले किंवा खोकले की अधिक. बाराला मळमळ, दोनला उलटी, पहाटे पुन्हा एक उलटी. मधूनमधून डोळा लागे, पण लगेच दचकून जाग येई, जणू कोणी गळा दाबीत आहे. काकांना खरे भय वाटले ते मात्र पुतण्याच्या झोपेतील श्वासाने. तो भरभर, खोल खोल श्वास घेई, मग ते श्वास हळूहळू उथळ होत जात आणि एकदम थांबत; काका मनात आकडे मोजू लागत, दहापर्यंत, कधी त्याच्याही पुढे जात, आणि तोच एक मोठा सुस्कारा टाकून श्वास पुन्हा सुरू होई. रात्रभर हे चक्र चालले होते.

या रात्रीचा अर्थ नीट लावावयाचा असेल तर प्रथम हवेकडे वळले पाहिजे. उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो, असे आपण सरसकट म्हणतो; परंतु लेहच्या हवेतही प्राणवायूचा हिस्सा मुंबईच्या हवेइतकाच, शंभरात एकवीस, असतो. कमी झालेला असतो तो दाब. समुद्रकाठी वातावरण पाऱ्याचा स्तंभ 760 मिलिमीटरपर्यंत पेलून धरते. लेहला तोच स्तंभ पाचशेच्या आतबाहेर येतो. हवा त्या मानाने विरळ असल्यामुळे छाती भरून घेतलेल्या प्रत्येक श्वासात प्राणवायू सुमारे दोनतृतीयांशच येतो, आणि फुप्फुसातून रक्तात शिरण्यास त्याला जो रेटा लागतो तोही त्याच मानाने दुबळा होतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे निर्विवाद सिद्ध केले. पोलादी कोठडीत स्वतः बसून त्याने आतील हवेचा दाब उतरवला, मळमळ आणि ग्लानी अनुभवली आणि नळीतून प्राणवायू घेताच त्या विकृती मावळतात हे दाखवून दिले. तोपर्यंत पर्वतावरील या व्याधीचा दोष लोक विषारी वनस्पतींच्या गंधाला, भूमीतून निघणाऱ्या वाफांना किंवा घाटमाथ्यावरच्या देवतांच्या कोपाला देत आले होते.

प्राणवायूची ही टंचाई सर्वांआधी ध्यानात येते ती मानेतील दोन इवल्याशा ग्रंथींच्या. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जेथे दुभागतात तेथे या ग्रंथी बसलेल्या असतात, आणि रक्तातील प्राणवायू उतरताच काही मिनिटांच्या आत त्या श्वास वाढवण्याचा इशारा देतात. माणूस नकळत अधिक खोल आणि अधिक वेगाने श्वास घेऊ लागतो. पण अधिक श्वास म्हणजे कर्बवायूही अधिक बाहेर. आणि रक्तातला कर्बवायू घटला की रक्त अल्कधर्मी बनते. मेंदूच्या मुळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला हे खपत नाही, कारण त्याची नेहमीची मोजणी कर्बवायूवरूनच चालते. कर्बवायू उणा दिसताच श्वास कमी करा, असा त्याचा आदेश सुटतो. एकाच कचेरीतील दोन अंमलदारांनी एकाच शिपायाला परस्परविरुद्ध हुकूम द्यावेत तशी ही अवस्था असते. जागेपणी हा तंटा दबून राहतो. निद्रेत तो उघड होतो. कर्बवायू उतरला की श्वास थांबतो, थांबला की प्राणवायू घसरतो आणि कर्बवायू साचतो, मग मानेतील ग्रंथी पुन्हा इशारा देतात आणि श्वास उसळून सुरू होतो. काकांनी अंधारात मोजले ते याच तंट्याचे चक्र होते. पहिल्या रात्री लेहमध्ये निजलेल्या बहुतेक नवख्यांच्या बाबतीत ते थोडेफार घडतेच आणि एरवी ते निरुपद्रवी असते. मात्र त्यामुळे झोप तुटते आणि रक्तातील प्राणवायू दिवसापेक्षाही खाली जातो. ज्याला हा आजार व्हावयाचा असतो त्याला तो बहुधा पहिल्या रात्रीच गाठतो याचे एक मोठे कारण हे आहे.

या तंट्याचा निवाडा करतात ती मूत्रपिंडे. रक्तातील अल्क, म्हणजे बायकार्बोनेट, ती मूत्रावाटे बाहेर टाकू लागतात. तसतसे रक्त पूर्ववत होते, श्वसनकेंद्राचा विरोध मावळतो आणि श्वास निर्वेधपणे वाढू शकतो. परंतु मूत्रपिंडांचे काम सावकाशीचे आहे. त्याला दोन ते चार दिवस लागतात, आणि कितीही पैसे मोजून ते दोन तासांवर आणता येत नाही. ज्यांचे शरीर या कामास चटकन लागते त्यांना पहिल्या दिवशी लघवीला वरचेवर जावे लागते. हे तक्रारीचे नव्हे तर शुभलक्षण समजावे. ज्याची लघवी उलट कमी होते आणि सकाळी चेहरा व बोटे सुजल्यासारखी दिसतात त्याच्यावर अधिक लक्ष ठेवावे.

राहिली डोकेदुखी. प्राणवायू कमी पडला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, मेंदूकडे रक्त अधिक लोटते आणि कवटीच्या बंद पेटीत जागा तेवढीच असल्यामुळे आतील ताण वाढतो. वेदनेचा उगम मुख्यतः येथे आहे असे मानतात. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, घेरी, अंगातले त्राण गेल्यासारखी ग्लानी ही सारी तिची सोबती होत. महत्त्वाची गोष्ट ही की या सर्वांना वेळ लागतो. विमानातून उतरताच जे होते ते जागरणाने किंवा उपाशीपणाने असू शकते. खरा आजार बहुधा सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. 1962 च्या सुमारास आपले हजारो जवान सपाटीवरून घाईघाईने लडाखच्या सरहद्दीवर न्यावे लागले, त्या प्रसंगातून डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या लष्करी सहकाऱ्यांनी 1,925 जवानांच्या निरीक्षणांवर जो निबंध 1969 साली प्रसिद्ध केला, त्यात पोचल्यापासून आजार दिसेपर्यंतचा हा अवधी सहा तासांपासून चार दिवसांपर्यंत नोंदलेला आहे. त्या अनुभवाची किंमत जवानांनी मोजलेली आहे. आजही आपल्या सैन्यात लेहसारख्या उंचीवर येणाऱ्या धडधाकट शिपायाला सहा दिवस हवामान अंगवळणी पाडण्यासाठी दिले जातात, त्यातील पहिले दोन केवळ विश्रांतीचे असतात, आणि त्याहून वर जावयाचे तर प्रत्येक टप्प्यावर पुन्हा चार चार दिवस. शिपायाला सहा दिवस आणि सहलीच्या माणसाला एक दुपार, हे गणित कोणत्या शास्त्रात बसते ते मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

सकाळी आमच्या मुक्कामाच्या मालकिणीने, एका वयस्क लडाखी बाईने, पुतण्याचा चेहरा पाहताच त्याला सरकारी रुग्णालयात न्यावयास लावले. सहलीच्या व्यवस्थापकाचा आग्रह होता की छापील कार्यक्रमाप्रमाणे सर्वांनी न्याहारीनंतर खारदुंगलामार्गे नुब्राकडे निघावे. वाटेत बरे वाटेल. बाई त्याला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मोटार मागवली आणि काकांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी ज्या क्रमाने तपासणी केली तो क्रम मी मुद्दाम लक्षात ठेवला. प्रथम बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले. काकांचे 87 होते, पुतण्याचे 79, आणि त्याची नाडी मिनिटाला 112. मुंबईत 87 हा आकडा पाहून कोणीही घाबरून जाईल, पण लेहला पहिल्या-दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी ते नव्वद ही सामान्य स्थिती असते. त्यामुळे डॉक्टरांनी एकट्या आकड्यावर निर्णय केला नाही. त्याच उंचीवर त्याच दिवशी आलेल्या इतरांपेक्षा तो किती खाली आहे आणि माणूस कसा दिसतो, हे दोन्ही मिळून त्यांनी पाहिले. नंतर त्यांनी चार गोष्टी विचारल्या: डोकेदुखी, पोटाची स्थिती, थकवा आणि घेरी. प्रत्येकीला शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे. पुतण्याला डोकेदुखीचे दोन, मळमळ-उलटीचे दोन, थकव्याचे दोन आणि घेरीचा एक, असे सात मिळाले. डोकेदुखीसह तीन गुण झाले की आजार आहे असे धरतात, आणि सहापासून पुढे तो मध्यम प्रतीचा मानतात. हीच मोजणी मुक्कामाच्या खोलीत कोणालाही करता येते, आणि सायंकाळी व सकाळी केली तर आजार चढतो आहे की उतरतो आहे हे दोन वेळच्या बेरजांतून आपोआप कळते.

यानंतर डॉक्टरांनी त्याला जमिनीवरील फरशीच्या रेषेवरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवीत, सरळ चालावयास सांगितले. तो अशक्तपणाने पण सरळ चालला. मग पाठीला नळी लावून फुप्फुसे बराच वेळ ऐकली. त्यांत ओलसर करकर नव्हती. या दोन परीक्षा झाल्यावरच त्यांच्या मुद्रेवरचा ताण गेला. काकांच्या प्रश्नावर त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा की डोकेदुखी आणि उलटी हा या व्याधीचा पहिला मुक्काम आहे. तेथे माणूस थांबला तर ती एकदोन दिवसांत स्वतःहून ओसरते; त्याच स्थितीत तो आणखी वर चढला तर पुढचे दोन मुक्काम गाठू शकते, आणि त्या दोन्हींत जीव जातो.

त्यांपैकी एक मेंदूचा. सूज वाढली की चाल अडखळते, माणूस मद्यप्याप्रमाणे झोकांड्या खातो, बुटाची नाडी बांधता येत नाही, असंबद्ध बोलतो किंवा चिडून एका कोपऱ्यात बसून राहतो; मग गुंगी, मग बेशुद्धी. रेषेवरून चालविण्याची ती साधी परीक्षा यासाठीच असते. ज्याला सरळ चालता येत नाही त्याला ‘झोपू द्या, बरे वाटेल’ असे म्हणणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. दुसरा मुक्काम फुप्फुसांचा, आणि या व्याधीने होणाऱ्या मृत्यूंत त्याचाच वाटा मोठा. प्राणवायू कमी झाला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या, मेंदूतल्यांच्या नेमक्या उलट, आकसतात. सर्व ठिकाणी सारख्या आकसत नाहीत, म्हणून ज्या भागात त्या मोकळ्या राहतात तेथे रक्ताचा लोंढा दाबाने घुसतो आणि केशिकांच्या भिंतींतून द्रव पाझरून वायुकोशांत साचतो. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान घडते, थंडी आणि श्रम त्याला साह्य करतात, आणि आधी डोके दुखलेच पाहिजे असाही नियम नाही. थोडा ताप असल्यामुळे दीर्घकाळ डॉक्टरसुद्धा त्यास न्यूमोनिया समजत. 1960 साली चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन वैद्याने एका तरुणाची हकीगत प्रसिद्ध केली तेव्हा हा निराळा आजार म्हणून सर्वत्र मान्य झाला.

सामान्य प्रवाशाने दमातील फरक ओळखावा तो असा. जिना चढल्यावर लेहमध्ये प्रत्येकाला धाप लागते, पण दोन-चार मिनिटे बसले की ती निवते. जी धाप बसूनही निवत नाही, जी अंथरुणावर पडताच वाढते आणि उशीला टेकून बसावेसे वाटावयास लावते, जिच्या सोबत कोरडा खोकला ठसकू लागतो आणि ओठ-नखे निळसर होतात, ती थकव्याची धाप नव्हे. फेसाळ, गुलाबी थुंकी पडेपर्यंत वाट पाहणाऱ्याने फार उशीर केलेला असतो.

या भूमीला हा अनुभव नवा नाही. काश्गरचा सुलतान सैद खान लडाखवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर असलेल्या मिर्झा हैदर दुघलातने आपल्या फारसी तवारिखेत या व्याधीचे ‘दमगिरी’ या नावाने तपशीलवार वर्णन केले आहे. ती परक्यांनाच होते, येथील रहिवाशांना तिची ओळखही नसते, आणि घोड्यांनाही ती सोडत नाही, ही त्याची निरीक्षणे आजच्या वैद्यानेही मान डोलवावीत अशी आहेत. खुद्द सुलतान 1533 साली परतीच्या वाटेवर याच दमगिरीने मरण पावला. पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्यांच्या देहाने जे साधले आहे ते सुलतानाच्या फर्मानाने साधत नाही.

पुतण्याला रुग्णालयात काही तास प्राणवायू दिला. नळी लावल्यावर पाऊण तासात आकडा 92 वर गेला आणि डोके हलके झाले. पॅरासिटामॉल, उलटीचे औषध आणि ॲसिटाझोलामाइडची 250 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, असा उपचार झाला. ही शेवटची गोळी, जिला लोक डायमॉक्स या नावाने ओळखतात, डोकेदुखी नुसती झाकत नाही. ती मूत्रपिंडांना बायकार्बोनेट टाकावयास लावते, म्हणजे शरीर जे काम दोन-चार दिवसांत करणार तेच लवकर सुरू करून देते. म्हणून प्रतिबंधासाठीही ती उपयोगी पडते: विमानात बसण्याच्या आदल्या दिवसापासून 125 मिलिग्रॅम दोन वेळा आणि पोचल्यावर आणखी दोन दिवस. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची पेये बेचव लागतात. आणि ज्यांना सल्फा जातीच्या औषधांचे वावडे आहे त्यांनी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून ती घेऊ नये. डॉक्टरांचा मुख्य हुकूम मात्र गोळीचा नव्हता. डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत लेहच्या वर एक फूटही चढावयाचे नाही, हा होता. खारदुंगला 17,500 फुटांच्या वर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून जेमतेम अधिक. सात गुणांचा रुग्ण तेथे नेणे म्हणजे व्याधीला दुसऱ्या मुक्कामाचा रस्ता दाखवणे झाले असते. काका-पुतणे मागे राहिले. दुसऱ्या सकाळी पुतण्याने न्याहारी मागून घेतली, आणि त्याच्या पुढल्या दिवशी गुणांची बेरीज शून्यावर आली.

आमच्या मंडळींत अनेकांजवळ कापराच्या पुड्या होत्या आणि त्या मधूनमधून हुंगल्या जात. महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या प्रत्येक जथ्यात हे दिसते, आणि त्यामागची एकमेकांची काळजी खरी असते, म्हणून त्याविषयी कठोर बोलवत नाही. कापराने नाकात गारवा येतो आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातील प्राणवायू मात्र तिळभरही वाढत नाही. लसूण आणि पाण्याचेही तसेच. पाणी पुरेसे प्यावे, कारण कोरड्या हवेत शरीर सुकते आणि सुकलेल्या शरीराचीही डोकेदुखी होते. पण घड्याभर पाणी पिऊन ही व्याधी टळत नाही. बाजारात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत रिते होतात. खरोखर अपायकारक दोन गोष्टी आहेत: पहिल्या रात्री घेतलेले मद्य आणि झोपेची गोळी. दोन्हींमुळे निद्रेतला श्वास, जो आधीच अडखळत असतो, आणखी मंदावतो.

पुढे पँगाँगकडे जाताना आमच्या लडाखी चालकाने एक गोष्ट सांगितली, ती मला साऱ्या प्रवासात सर्वाधिक मोलाची वाटली. पँगाँग सरोवराचा काठ सुमारे 14,000 फुटांवर, आणि लेहहून तेथे जावयाचे तर वाटेत 17,500 फुटांच्या वरचा चांगला हा घाट ओलांडावा लागतो. सरोवराकाठच्या तंबूत रात्री कोणाला दम लागला आणि त्याला खाली न्यावयाचे ठरले, तर सरळ रस्त्याने लेहला उतरण्यासाठी आधी साडेतीन हजार फूट चढावे लागते! नुब्राचेही तेच. दिस्कित लेहहून बाराशे फूट खाली आहे, परंतु दोहोंच्या मध्ये खारदुंगला उभा आहे. मनालीच्या रस्त्याने येणारे सारचूला सुमारे 14,000 फुटांवर मुक्काम करतात, तेव्हा त्यांच्या एका बाजूस बारालाचा आणि दुसऱ्या बाजूस लाचुंगला असतो. या व्याधीवरचा खात्रीचा उपाय एकच, हजार ते तीन हजार फूट खाली उतरणे. आणि लडाखच्या भूगोलात नेमक्या त्याच उपायाच्या आड घाट उभे आहेत. लेहमध्ये आजारी पडलेल्याला निदान सरकारी रुग्णालय जवळ असते, दुसऱ्या सकाळचे विमान असते, आणि सिंधूच्या काठाने खाली खलत्सेपर्यंत, कोणताही घाट न चढता, सुमारे सतराशे फूट उतरता येते. म्हणून मांडणीचा सारा प्रश्न हा आहे की शरीर जेव्हा सर्वांत कच्चे असते त्या रात्री आपण कोठे निजणार.

काकांना काही झाले नाही आणि पुतण्याला झाले, याचे आमच्या मंडळींना फार नवल वाटले. डॉक्टरांना मुळीच वाटले नाही. व्यायामाने कमावलेले शरीर या व्याधीपासून रक्षण करीत नाही. उलट तरुण माणूस आपल्या बळाच्या भरवशावर पहिल्याच दिवशी श्रम करतो आणि तिला आमंत्रण देतो. गडकोटांचा अनुभवही येथे कामाचा नाही, कारण कळसूबाईचे शिखर 5,400 फुटांवर संपते आणि ही व्याधी बहुधा 8,000 फुटांच्या वर सुरू होते. एकदा ज्याला ती झाली त्याला पुन्हा तशाच घाईने चढल्यास ती होण्याचा संभव अधिक, एवढे मात्र खरे. म्हणून पुतण्याने पुढल्या खेपेस श्रीनगरहून मोटारीने, कारगिलला मुक्काम करीत यावे, असे डॉक्टरांनी त्याच्या कागदावर लिहून दिले.

लडाखची सहल ठरवणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की कार्यक्रमपत्रिका हाती पडताच तिच्यातील स्थळांची नावे वाचण्याआधी मुक्कामांची उंची वाचावी. विमानाने जाणार असाल तर पहिल्या तिन्ही रात्री लेहमध्ये असाव्यात, निदान दोन तरी. नुब्रा त्यानंतर आणि पँगाँग सर्वांत शेवटी. दुसऱ्या सकाळी खारदुंगला लिहिलेली पत्रिका आली तर ती व्यवस्थापकाकडे परत पाठवावी आणि दोन दिवस वाढवून मागावेत.